चुंबकाची साक्ष

खिशात चुंबक बाळगून भांड्यांच्या दुकानात शिरणारा माणूस विक्रेत्यांना दुरूनच ओळखू येत असावा, कारण मी आत पाऊल टाकताच त्यांच्या चेहऱ्यावर थकवा दिसू लागे. माझा चुंबक एका मोडक्या स्पीकरमधून काढलेला, चांगला जाडजूड होता. ‘अस्सल स्टेनलेस स्टीलला चुंबक चिकटत नाही’ हे वाक्य मी कोठेतरी ऐकले होते, आणि अर्धवट ज्ञानाला हातात धरता येण्याजोगे हत्यार मिळाले की माणूस किती निर्भय होतो, याचा मी चालताबोलता नमुना झालो होतो.

या हत्याराने पहिला बळी घेतला तो घरातच. आमच्याकडे बिनरबरी झाकणाचा एक जुना चौकोनी डबा होता. त्याच्या सपाट बाजूंवरून चुंबक निमूट घसरला, पण चारही कोपऱ्यांशी येताच किंचित अडखळला. मी तो डबा तत्काळ नापास करून खिळे आणि स्क्रू ठेवायला काढला. “अहो, इतकी वर्षे त्यात जेवलो आपण,” ही पत्नीची हरकत मी भावनिक ठरवून फेटाळली. त्याच्या जागी मी दोन कड्यांचा, रबरी सीलचा, आरशासारखा चकचकीत डबा आणला. त्याला चुंबक कोठेच चिकटेना. खोक्यावर ‘फूड ग्रेड’ असे मोठ्या अक्षरांत छापले होते, आणि मी मोठ्या अक्षरांना नेहमीच मान देत आलो आहे.

तीन महिन्यांत त्या डब्याच्या तळाला टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके पडले आणि कडी जेथे रिव्हेटने जोडली होती तेथे तांबूस ओघळ दिसू लागला. मी तो घासला. दुसऱ्या दिवशी ओघळ परत आला, आणि तिसऱ्या दिवशी पत्नीने काही न बोलता चुंबक माझ्या पानाशेजारी आणून ठेवला.

अखेर मी दोन्ही डबे घेऊन एका मोठ्या भंगार व्यापाऱ्याकडे गेलो. धातूची जात चुकली तर या माणसाला रोख तोटा होतो, त्यामुळे त्याला मोठी अक्षरे भुलवीत नाहीत. त्याच्याकडे पिस्तुलासारखे दिसणारे एक क्ष-किरण यंत्र होते, जे धातूला टेकवले की काही सेकंदांत त्यातील घटकांचे प्रमाण दाखवते. चकचकीत डब्यात क्रोमियम सुमारे १५ टक्के, निकेल जेमतेम १ टक्का आणि मँगनीज तब्बल ९ टक्के निघाले. मग त्याने खिळ्यांचा डबा रिकामा करून तपासला. त्यात क्रोमियम १८, निकेल ८ आणि मँगनीज १ टक्का होते. “साहेब, हा जुना ३०४ आहे. याचा भाव चांगला येईल. नव्याचा विचारू नका,” असे तो म्हणाला, तेव्हा मी खिशातला चुंबक आणखी खोल ढकलला.

चुंबक खोटे बोलला नव्हता. मीच त्याला चुकीचा प्रश्न विचारला होता. लोहात क्रोमियमबरोबर पुरेसे निकेल घातले की त्याच्या अणूंची रचना बदलते आणि चुंबकाचे आकर्षण जवळजवळ नाहीसे होते. ३०४ या प्रतीत, म्हणजे ज्याला १८/८ असेही म्हणतात त्यात, नेमके हेच घडते. परंतु निकेल महाग असते. १९५०च्या दशकात त्याची टंचाई झाली तेव्हा त्यातील बऱ्याच निकेलच्या जागी मँगनीज आणि थोडा नायट्रोजन घालून २०१ व २०२ या प्रती पुढे आल्या. मँगनीज अणूंची रचना तशीच ठेवते, म्हणून चुंबक तेथेही चिकटत नाही, मात्र गंज रोखण्याचे काम मँगनीज करीत नाही. ते काम क्रोमियमच्या अतिशय पातळ ऑक्साइड थराचे असते, आणि माझ्या डब्यासारख्या अगदी स्वस्त मिश्रणात निकेलबरोबर क्रोमियमही कमी झालेले असते. अशा थराला मिठातील क्लोराइड एखाद्या बिंदूपाशी भेदते आणि तेथून आत खड्डा पोखरत जाते. असा डबा म्हणजे विष नव्हे. कोरडा खाऊ त्यात सुखाने राहील. पण खारट, आंबट आणि ओलसर पदार्थ त्यात रात्रभर ठेवणे म्हणजे ठिपक्यांना आमंत्रण देणे होय.

जुन्या डब्याच्या कोपऱ्यांचा उलगडा याहून लाजिरवाणा होता. सपाट पत्रा साच्यात दाबून खोल डबा करताना कोपऱ्यांवर सर्वाधिक ताण येतो, आणि त्या ताणाने अस्सल ३०४ सुद्धा तेवढ्यापुरते किंचित चुंबकीय होते. थोडक्यात, मी एका सज्जनाला त्याच्या कष्टाच्या खुणांवरून तुरुंगात टाकले होते. चुंबक सपाट भागावरही घट्ट चिकटला, तर ते बहुधा ४३० सारखे निकेलविरहित पोलाद असते, एवढेच तो खात्रीने सांगतो.

त्यानंतर मी खोके वाचणे सोडून उत्पादकांना पत्रे लिहू लागलो. ‘फूड ग्रेड’ ही धातूची प्रत नाही हे मला आता कळले होते, म्हणून माझा प्रश्न एकच असे: डब्याचे अंग, झाकण, कड्या आणि दुहेरी भिंत असल्यास बाहेरचा पत्रा, यांपैकी प्रत्येकाची प्रत कोणती? कारण ‘३०४’ हा शिक्का पुष्कळदा फक्त आतल्या भांड्यापुरता खरा असतो आणि पहिला गंज कडीला येतो. एका उत्पादकाने ‘आमच्यासाठी ग्राहकाचे आरोग्य सर्वोच्च आहे’ असे कळवले. दुसऱ्याने मला सवलतीचे कूपन पाठवले. तिसऱ्याने चार ओळींत चार भागांच्या प्रती लिहिल्या, कडीची तार वेगळ्या प्रतीची असल्याचे आपणहून कबूल केले आणि सुटे सील मिळते असेही सांगितले. मी त्याचाच डबा घेतला. कबुली देणाऱ्यावर माझा विश्वास लवकर बसतो.

सीलची परीक्षा मी पोरांसमोर घेतली, हा माझा अविचार. दोनच कड्यांच्या लांबट डब्यात कड्या टोकांकडून ओढतात आणि लांब बाजूंच्या मध्यावर झाकण किंचित उचलले जाते, गळती तेथूनच होते. म्हणून कागदाची अरुंद पट्टी झाकणाखाली घालून कड्या लावायच्या आणि पट्टी ओढून पाहायची, असे सगळ्या कडेने करीत जायचे. पट्टी जेथे अलगद निसटते तेथे सील दाबले जात नाही. चार कड्यांच्या नव्या डब्याने पट्टी कोठेच सोडली नाही. सिलिकोनचे सील खाचेतून निघते की नाही हेही पाहिले, कारण न निघणाऱ्या सीलखाली साचलेल्या खारट ओलाव्यात ३०४ सुद्धा गंजू शकते. मग रंगीत पाणी भरून डबा दहा मिनिटे वर्तमानपत्रावर उलटा ठेवला. एक थेंबही पडला नाही. पोरे निराश होऊन निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी त्यात वाफाळते जेवण भरून लगेच चारही कड्या लावल्या. दुपारपर्यंत आतली वाफ थंड होऊन तिचे पाणी झाले, आतला दाब घटला आणि बाहेरच्या हवेने झाकण असे दाबून धरले की कड्या उघडूनही ते हलेना. एक सहकारी डबा धरून बसला, दुसरा चमचा घेऊन आला आणि तिसऱ्याने कारखान्यातील माणूस बोलावण्याची सूचना केली. शेवटी नखाने सीलची एक कड उचलताच ‘फस्’ आवाज झाला आणि झाकण आपसूक सुटले. आता मी जेवण भरून पाच मिनिटे झाकण नुसते वर ठेवतो आणि मग कड्या लावतो.

खिळे चकचकीत डब्यात गेले आहेत. जुना डबा पत्नीने धुऊन स्वतःसाठी घेतला आहे, आणि तो मला मागूनही मिळत नाही.