मेषेतलं ग्रहण आणि मेषेची माणसं

“८ एप्रिल २०२४ चं सूर्यग्रहण मेषेत झालं, म्हणजे मेषेच्या सगळ्यांचं आयुष्य ढवळून निघणार.”

असं नाही. पाश्चात्त्य ज्योतिषी राशीपेक्षा अंश बघतात. हे ग्रहण त्यांच्या सायन मेषेच्या १९ अंशांवर होतं (आपल्या निरयन पंचांगात ती मीन). बरेच जण दोन्ही बाजूंना तीनेक अंशांचीच सूट देतात. म्हणजे जन्मसूर्यावर, जन्मावेळी सूर्य होता त्या अंशावर, ग्रहण आलं ते साधारण ५ ते १२ एप्रिलला जन्मलेल्यांच्या. २५ मार्चवाल्यांनी उगाच घाबरू नये. ग्रहण लग्नबिंदूवर, म्हणजे जन्मावेळी पूर्व क्षितिजावर उगवणाऱ्या अंशावर, आलं असं म्हणायचं तर जन्मवेळ पक्की हवी, कारण पंधरा मिनिटांत हा बिंदू सुमारे चार अंश सरकतो. अर्थही अरिष्टाचा नसतो: सूर्यग्रहण नवी सुरुवात, चंद्रग्रहण एखाद्या गोष्टीची पूर्तता. याला वैज्ञानिक पुरावा नाही, हे वेगळं.