महिन्याचे दहा लेख आणि तीस दिवसांचा इतिहास

वृत्तपत्र वाचायला पैसे मोजावेत याबद्दल माझी मुळीच तक्रार नाही. आमच्या घरी पन्नास वर्षे पेपरवाल्याचे बिल कधी थकलेले नाही. परंतु एका मराठी दैनिकाच्या डिजिटल वर्गणीने गेल्या वर्षभरात मला जो मनस्ताप दिला, तो कागदी अंकाने पावसात भिजूनही कधी दिला नव्हता.

सुरुवात झाली ती मोफत लेखांच्या मर्यादेपासून. नोंदणी केल्यास महिन्याला दहा लेख मोफत, असे संकेतस्थळावर ठळक अक्षरांत लिहिले होते. नोंदणी केली आणि नऊ तारखेलाच ‘आपली मर्यादा संपली आहे’ अशी पाटी झळकली. नोंदणीपूर्वी ही मोजणी त्या त्या ब्राउझरमधल्या कुकीत होते, म्हणजे फोनचा हिशेब वेगळा आणि संगणकाचा वेगळा असतो. लॉगिन करताच मात्र सगळी मोजणी एका खात्यावर येते, ही गोष्ट कोणी सांगत नाही. शिवाय फसव्या मथळ्यामुळे उघडून दहा सेकंदांत बंद केलेला लेखही ‘वाचलेला’ धरला जातो. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०११ मध्ये महिन्याला वीस मोफत लेखांनी सुरुवात केली, २०१२ मध्ये ते दहा केले आणि २०१७ मध्ये पाचांवर आणले, आमच्याकडच्यांनी त्यातली काटकसर तेवढी तत्परतेने उचललेली दिसते.

अखेर ९९९ रुपये भरून वार्षिक वर्गणी घेतली, आणि खरा छळ त्यानंतर सुरू झाला. माझे वडील साताऱ्याला राहतात. चाळीस वर्षे पुण्यात काढल्यामुळे त्यांना पुणे आवृत्तीच हवी असते आणि ती तिथे कागदावर मिळत नाही, म्हणून मी माझेच लॉगिन त्यांच्या टॅबवर सुरू करून दिले. अटींमध्ये ‘खाते वैयक्तिक व अहस्तांतरणीय’ असे एक वाक्य आहे आणि एका वेळी दोनच उपकरणे चालतात. माझा फोन आणि कार्यालयातला संगणक सुरू असला की वडिलांचा टॅब आपोआप बाहेर फेकला जातो. ते पुन्हा आत जाऊ लागले की ओटीपी माझ्या फोनवर येतो, मी बैठकीत असतो, आणि मी तो कळवेपर्यंत त्याची मुदत संपलेली असते. कागदाचा एक अंक आजोबांपासून नातवापर्यंत सगळे वाचत, दुपारी तो शेजारच्या काकूही शब्दकोड्यासाठी नेत, आणि त्याबद्दल कोणत्याही मालकाने आम्हांला नोटीस पाठवली नव्हती. तेच वृत्तपत्र पडद्यावर आले की मुलाने बापाला वाचायला देणे हा नियमभंग ठरतो!

जुन्या अंकांची कथा तर याहून संतापजनक आहे. माझ्या आईचा एक छोटा लेख १९९६ साली याच दैनिकाच्या रविवार पुरवणीत आला होता आणि तो मला हवा होता. जाहिरातीत ‘संग्रह उपलब्ध’ असे शब्द होते, म्हणून विश्वासाने शोधले, तेव्हा कळले की माझ्या योजनेत ई-पेपरचे केवळ मागचे तीस दिवस दिसतात. त्यापूर्वीच्या अंकांसाठी वेगळी, महाग योजना आहे, आणि ती घेतली तरी १९९६ चे अंक स्कॅनच झालेले नाहीत. ही शेवटची माहिती ग्राहक सेवेतल्या मुलीने, तीही तिसऱ्या फोननंतर, जरा संकोचून दिली. तो लेख मला शेवटी एका जुन्या वाचनालयातल्या बांधीव खंडात सापडला. ग्रंथपालांनी धूळ झटकून खंड काढून दिला, फोटो घेऊ दिला आणि एक पैसाही घेतला नाही.

मग कोणीतरी सुचवले की छापील अंकाची वार्षिक योजना घ्या, डिजिटल त्यासोबत फुकट मिळते. आमच्याकडे छापील अंक रोज येतोच, पण तो पेपरवाल्याकडून, महिन्याच्या हिशेबावर. त्यामुळे कंपनीच्या लेखी आम्ही ग्राहकच नाही. योजनेसाठी वर्षाचे पैसे त्यांच्या प्रतिनिधीकडे आगाऊ भरावे लागतात, आणि मी पिनकोड टाकला तेव्हा ‘आपल्या भागात ही सेवा उपलब्ध नाही’ असे उत्तर आले. ज्या गल्लीत त्यांचा अंक रोज सकाळी साडेसहाला येऊन पडतो, तिथे त्यांची सेवा उपलब्ध नाही.

वर्ष संपताना वर्गणी आपोआप नूतनीकृत होणार होती. ती रद्द करण्याचे बटण शोधत गेलो, तर शेवटी एक दूरध्वनी क्रमांक निघाला, कार्यालयीन वेळेतच चालणारा. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे बँकेला पैसे कापण्याच्या किमान चोवीस तास आधी ग्राहकाला कळवावे लागते. तो संदेश आला म्हणून मी वाचलो. बँकेच्या अॅपमध्ये जाऊन ती स्वयंचलित परवानगीच रद्द करून टाकली. रात्री वडिलांना फोन करून सांगितले, तर ते काही क्षण गप्प राहिले आणि म्हणाले, “अरे, मग उद्यापासून पुण्याचं पान मला फोनवर वाचून दाखवशील का?”