स्लॅबला घाम येतो म्हणे

मालककाका, नमस्कार. बाथरूमच्या छतातून पाणी टपकतंय हे आधीच्या सगळ्या मेसेजमध्ये लिहिलंय, त्यावरचे तुमचे अंगठेही पोचले.

तुम्ही पाठवलेल्या प्लंबरबद्दल मात्र सविस्तर बोलायचंय. साहेब आले, वर बघितलंच नाही, खिशातून नाणं काढून भिंतीच्या टाइल्स वाजवत बसले. मी म्हटलं, दादा, गळतंय वरून. तर म्हणाले, "हे पाणी नाही, घाम आहे. स्लॅबला घाम येतो." मी म्हटलं, घाम असता तर सगळ्या छताला आला असता ना, एकाच जागी थेंब कसा? यावर क्षणभर विचार करून म्हणाले, "काहींना बगलेतच येतो." आणि व्हिजिटचे पैसे माझ्याकडून घेऊन गेले. संध्याकाळी तुमचा मेसेज, घाम आहे, एक्झॉस्ट फॅन लावून घ्या. फॅनचा खर्च कुणाचा ते लिहिलं नव्हतं, म्हणजे माझाच.

मग मीच वर गेलो. वरचे लोक गावाला गेले होते तेव्हा एक थेंब पडला नव्हता, आणि त्यांचा व्हॉल्व्ह चालूच होता, म्हणजे पाण्याची लाइन फुटलेली नाही, फुटली असती तर चोवीस तास गळलं असतं. उरला निचरा. वरच्या वहिनींनी बिचाऱ्यांनी नहाणी ट्रॅपवर प्लास्टिक लावून फरशीवर पाणी साठवू दिलं. तासभर खाली कोरडं, म्हणजे टाइल्सचे जॉइंट बहुधा ठीक. मग प्लास्टिक काढून नीळ घातलेलं पाणी थेट ट्रॅपमध्ये ओतलं, आणि थोड्याच वेळात आमच्या कमोडवर निळा थेंब! इतका निळा घाम फक्त आपल्याच स्लॅबला येत असेल. ट्रॅपचा जॉइंट गेलाय. तिथली फरशी फोडून ट्रॅप नवा बसवायचा, भोवती वॉटरप्रूफिंग, वर फरशी, एवढंच काम. पण वहिनीही भाडेकरू. त्यांचे मालक म्हणतात खालच्या मालकांनी फोन करावा, तुम्ही म्हणता वरच्यांनी करावा, आणि आम्ही दोघं भाडेकरू जिन्यात उभे राहून एकमेकांना सॉरी म्हणतो.

तळमजल्यावरचे वकीलकाका म्हणाले, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १४ : घर दुरुस्त ठेवणं मालकाचं काम, नोटीस देऊन किमान १५ दिवस थांबायचं, नाही केलं तर भाडेकरूने करून खर्च भाड्यातून वळता करायचा, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत. मी खूश! मग त्यांनी आपला अकरा महिन्यांचा अॅग्रीमेंट बघितला आणि म्हणाले, अरे, तू भाडेकरू नाहीसच, लायसेन्सी आहेस, नुसती राहायची परवानगी; हे कलम तुला नाही. म्हणजे भाडं भरताना भाडेकरू आणि गळताना लायसेन्सी, हे बरंय.

असो. निळ्या डागाचा फोटो पाठवलाय. वरच्या मालकांना फोन करा, नाहीतर त्यांचा नंबर मला द्या. आता "बघतो" नको, तारीख पाहिजे. आणि प्लंबर दुसरा.