शोरूमचे ५ टक्के आणि बँकेचे ९ टक्के

«शोरूममध्ये ५ टक्के व्याजाने गाडीचं कर्ज मिळतंय, बँक ९ टक्के मागते. प्रोसेसिंग फी किरकोळ असते. मुदत ७ वर्षांची घ्या, हप्ता हलका पडतो. पैसे आले की कर्ज कधीही बंद करता येतं. आधी गाडी बुक करा, कर्जाचं शोरूमवाले बघून घेतात.»

गाडी घ्यायची म्हटली की असा सल्ला ऐकू येतो. तो तपासायला सुरुवात ५ आणि ९ या आकड्यांपासून करू, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. शोरूमचा ५ टक्के हा बहुतेक वेळा फ्लॅट दर असतो आणि बँकेचा ९ टक्के हा घटत्या शिलकीवरचा, म्हणजे त्या त्या वेळी उरलेल्या मुद्दलावरच लागणारा. हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना होऊच शकत नाही. ८ लाखांचं कर्ज ५ वर्षांसाठी घेतलं असं धरा. फ्लॅट ५ टक्के म्हणजे दर वर्षी पूर्ण ८ लाखांवर ४० हजार, पाच वर्षांचे २ लाख. एकूण १० लाख भागिले ६०, हप्ता १६,६६७ रुपये. आता तेच ८ लाख बँकेकडून ९ टक्के घटत्या दराने घ्या. हप्ता येतो १६,६०७ रुपये. म्हणजे ‘महाग’ बँकेचा हप्ता महिन्याला ६० रुपयांनी कमी!

फ्लॅट दरात असं का होतं, ते शेवटच्या वर्षाकडे पाहिलं की कळतं. चार वर्षं हप्ते भरल्यावर मुद्दल जेमतेम १ लाख ९० हजार उरलेलं असतं, पण पाचव्या वर्षाचे ४० हजार व्याज लावताना ते अजूनही ८ लाखच आहे असं धरलेलं असतं. म्हणून ५ टक्के फ्लॅटचा खरा दर पाच वर्षांच्या कर्जात ९.१५ टक्क्यांच्या आसपास निघतो. फ्लॅट दराला साधारण १.८ ने गुणलं की घटत्या शिलकीवरचा दर अंदाजाने मिळतो. हेही सांगायला हवं की मुदत ७ वर्षांची केली, तर दोन्ही हप्ते जवळपास सारखे येतात, १२,८५७ आणि १२,८७१. तिथे फ्लॅटवाला १४ रुपयांनी स्वस्त आहे. पण ५ विरुद्ध ९ असा फरक कुठेच नाही. ‘फ्लॅट की रिड्युसिंग?’ हा प्रश्न सेल्समनला पहिल्या मिनिटाला विचारा, आणि उत्तर तोंडी न घेता कोटेशनवर लिहून मागा.

आता फीचं. शोरूमच्या कोटेशनवर ती एका ओळीत नसते. प्रोसेसिंग फी वेगळी, डॉक्युमेंटेशन वेगळं, कुठे ‘फाइल चार्ज’, कुठे ‘लॉगिन फी’, त्यावर १८ टक्के जीएसटी. एकेक ओळ खरंच किरकोळ दिसते. वरच्याच उदाहरणात या सगळ्याचे मिळून १२ हजार झाले आणि ते कर्जातून कापून घेतले, तर तुमच्या गाडीसाठी प्रत्यक्षात ७ लाख ८८ हजार मिळाले. हप्ता मात्र ८ लाखांचाच चालू राहतो. हा हिशेब मोबाइलवरच्या कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये एका ओळीत होतो:

```
=RATE(60,-16667,788000)*12
```

पहिला आकडा हप्त्यांची संख्या, दुसरा हप्ता (वजा चिन्हासह), तिसरा फी कापून हातात आलेली रक्कम. उत्तराच्या चौकटीला टक्केवारीचा फॉरमॅट दिला की साधारण ९.८ टक्के दिसतं. बँकेची फी २,००० अधिक जीएसटी, म्हणजे २,३६० असेल, तर तोच हिशेब ९.१३ टक्क्यांवर थांबतो. कर्जासोबत कर्जसुरक्षा विमा जोडला असेल आणि त्याचा प्रीमियम कर्जाच्या रकमेतच मिसळला असेल, तर त्यावरही पाच वर्षं व्याज भरावं लागतं. तो प्रीमियमही फीसारखाच वजा करून बघा. आणि कर्ज लवकर बंद करण्याचा विचार असेल तर फी आणखी बोचते, कारण ती साठ महिन्यांऐवजी चोवीस महिन्यांतच वसूल झालेली असते.

‘कधीही बंद करता येतं’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. बंद करता येतं, हे खरं. पण त्याची किंमत काय, हे कर्ज कुठल्या प्रकारचं आहे यावर ठरतं. रिझर्व्ह बँकेने २ जुलै २०२५ ला काढलेल्या निर्देशांनुसार, १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या बदलत्या व्याजदराच्या कर्जावर, ते व्यक्तीने व्यवसायाखेरीज इतर कारणासाठी घेतलेलं असेल तर, मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही. पैसे कुठून आणले हेही त्यात आडवं येत नाही. पण शोरूममधून मिळणारी वाहनकर्जं बहुधा स्थिर दराची असतात. तिथे दंड लावायला बंदी नाही, फक्त तो आधी लेखी सांगायला हवा. उरलेल्या मुद्दलावर ३ ते ६ टक्के आणि वर जीएसटी, असे दर सर्रास दिसतात.

आपलं फ्लॅटवालं कर्ज दोन वर्षांनी बंद करायला गेलात असं समजा. मनातला हिशेब असा असतो: ६० पैकी २४ हप्ते भरले, म्हणजे ८ लाखांतले ३ लाख २० हजार फिटले, राहिले ४ लाख ८० हजार. फोरक्लोजर स्टेटमेंट, म्हणजे कर्ज बंद करण्याचा हिशेब, हातात येतं तेव्हा त्यावर मुद्दल सुमारे ५ लाख २३ हजार असतं. यात कुणी फसवलेलं नसतं. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो, म्हणून मुद्दल सावकाश उतरतं. त्यावर ५ टक्के दंड आणि जीएसटी मिळून ५.९ टक्के, म्हणजे जवळजवळ ३१ हजार. उरलेल्या हप्त्यांतलं ७७ हजारांचं व्याज वाचतं, त्यातून दंड वजा जाता ४६ हजार हाती राहतात. इथे बंद करणं अजून फायद्याचं आहे.

चार वर्षांनी गेलात, तर गणित उलटं होतं. तेव्हा १२ हप्ते म्हणजे २ लाख भरायचे राहिलेले असतात आणि मुद्दल १ लाख ९० हजार असतं. वाचणारं व्याज साडेनऊ हजार, दंड सव्वाअकरा हजार. बोनसचे पैसे आले म्हणून उत्साहाने कर्ज बंद केलं आणि दीड हजाराहून जास्त खिशातून गेले. दंडाचा दर काळानुसार उतरता असेल तर हे टळतं, म्हणून ‘दंड किती’ एवढंच विचारून थांबू नका. कितव्या महिन्यापासून किती, मध्येच थोडी रक्कम भरता येते का, पहिले काही महिने बंदी आहे का, हेही विचारा. बदलत्या दराच्या कर्जात दंड नाही, पण रिझर्व्ह बँकेचा रेपो दर वाढला तर व्याजही वाढू शकतं. दोन-तीन वर्षांत फेडायची खात्री असेल, तर तो धोका मला परवडणारा वाटतो.

मुदतीबद्दल. ९ टक्क्यांनी ८ लाख ५ वर्षांऐवजी ७ वर्षांसाठी घेतले, तर हप्ता महिन्याला ३,७३५ रुपयांनी कमी होतो आणि एकूण व्याज सुमारे १ लाख ९६ हजारांवरून २ लाख ८१ हजारांवर जातं. हे ८५ हजार बहुतेकांना कुणीतरी सांगतंच. पण विम्याची बाजू कुणी सांगत नाही. ८ लाख ५० हजार एक्स-शोरूमची पेट्रोल गाडी घेतली, तर महाराष्ट्रात ११ टक्के रस्ता कर, विमा आणि नोंदणी धरून ती ऑन-रोड दहा लाखांच्या आसपास जाते, आणि त्यातले ८ लाख कर्जाने उभे राहतात. विम्यातली गाडीची किंमत, म्हणजे आयडीव्ही, एक्स-शोरूम किमतीतून घसारा वजा करून ठरते. रस्ता कर त्यात येत नाही. तीन वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला घसाऱ्याच्या तक्त्यात ४० टक्के आहेत, म्हणून आयडीव्ही ५ लाख १० हजार. आणि ७ वर्षांच्या कर्जाचं ३६ हप्त्यांनंतरचं मुद्दल ५ लाख १७ हजार. गाडी चोरीला गेली किंवा अपघातात पूर्ण निकामी झाली, तर विम्याचे सगळे पैसे कर्जात जातात आणि वर सात हजार खिशातून द्यावे लागतात. गाडी नाही ती नाहीच. ५ वर्षांच्या कर्जात त्याच दिवशी मुद्दल ३ लाख ६४ हजार असतं आणि जवळपास दीड लाख हातात येतात. ५ वर्षांचा हप्ता झेपत नसेल, तर मुदत वाढवण्याआधी गाडीचं व्हेरिएंट एक पायरी खाली आणून पाहावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि म्हणूनच बुकिंगची पावती फाडण्याआधी कर्जाचे कागद हातात हवेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक नव्या किरकोळ मुदत कर्जासाठी ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ देणं बँकांना आणि वित्त कंपन्यांना बंधनकारक आहे. त्यात वार्षिक टक्केवारी दर, म्हणजे एपीआर, फी धरून दाखवलेला असतो, हप्त्यांचं वेळापत्रक असतं, आणि त्यात न लिहिलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. ते तुम्हाला समजणाऱ्या भाषेत द्यायचं असतं, तेव्हा मराठीत मागायला संकोच नको. त्यातल्या अटी किमान ३ कामकाजाचे दिवस कायम राहतात. तेवढ्या वेळात आपल्या बँकेचं आणि शोरूमच्या वित्त कंपनीचं, दोन्ही स्टेटमेंटं शेजारी ठेवून वाचता येतात. एपीआर, हप्त्यांची संख्या आणि मुदतपूर्व फेडीची अट, या तीन ओळी आधी बघा.

बँकेचं मंजुरीपत्र खिशात असलं की शोरूममध्ये बोलणीही वेगळी होतात. समजा शोरूम म्हणालं, कंपनीच्या योजनेत घटत्या शिलकीवर ७ टक्के दर आहे, पण तो घेतला तर रोख सवलत मिळणार नाही. ८ लाखांवर ५ वर्षांसाठी ७ टक्क्यांचा हप्ता १५,८४१ येतो. बँकेच्या ९ टक्क्यांनी तेवढ्याच हप्त्यात ७ लाख ६३ हजारांचं कर्ज बसतं. म्हणजे फी सारखीच धरली, तर सवलत ३७ हजारांपेक्षा जास्त मिळत असेल तेव्हा बँकेचं कर्ज आणि सवलत घ्या, कमी असेल तेव्हा योजना घ्या. मात्र हा आकडा पूर्ण पाच वर्षांचा आहे. कर्ज दोन वर्षांत बंद करायचं असेल, तर कमी दराचा फायदा दोनच वर्षं मिळतो, आणि त्याहून बऱ्याच लहान सवलतीलाही बँकेचं कर्ज सरस ठरतं.