पोटॅशियमचं सिरप खोकल्याच्या औषधासारखं घेऊ नका

फोंड्यात औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी राहून माझं एक ठाम मत झालंय. पोटॅशियमच्या सिरपच्या बाटलीवर जो मापाचा प्लास्टिकचा कप असतो ना, तोच अर्ध्या तक्रारींचं मूळ आहे. कप दिसला की माणूस औषध ओततो आणि खोकल्याच्या औषधासारखं घशाखाली सोडतो. चिठ्ठीवर '१५ मिली, दिवसातून दोनदा' एवढंच असतं. पाण्यात मिसळून घ्या, जेवणाबरोबर घ्या, हे बाटलीवर असतं तेही बारीक इंग्रजी अक्षरांत. सत्तरीच्या आजीने ते कुठल्या चष्म्याने वाचायचं?

आता हे औषध आहे काय ते बघा. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या सिरपमध्ये १५ मिलीत दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असतं. म्हणजे लिटरमागे १०० ग्रॅम क्षार. मिरामारच्या समुद्राचं पाणी तोंडात गेलं तर आपण थुंकतो, आणि त्यात लिटरमागे क्षार असतात साधारण ३५ ग्रॅम. म्हणजे समुद्राच्या जवळजवळ तिप्पट क्षार असलेलं पाणी तुम्ही सकाळी रिकाम्या पोटी आतल्या नाजूक अस्तरावर ओतता. ते अस्तर आपल्यातलं पाणी बाहेर सोडून त्या क्षाराला पातळ करायला बघतं, आणि वर पोटॅशियम स्वतःही तिथे झोंबतं. मळमळ, छातीच्या खाली आग, पोटात मुरडा, कधी उलटी, कधी जुलाब. लोक म्हणतात 'औषध सोसत नाही'. बहुतेक वेळा औषध सोसत असतं, घेण्याची तऱ्हा सोसत नसते.

गंमत म्हणजे उपाय अगदी साधा आहे. त्याच १५ मिलीत सुमारे १२० मिली, म्हणजे अर्ध्या ग्लासाहून थोडं जास्त पाणी घातलं की त्याचा दाटपणा आपल्या रक्ताच्या आसपास येतो. पूर्ण ग्लास घेतलात तर त्याहून सौम्य. हे पाणी नंतर वरून प्यायचं नाही, औषध त्यातच मिसळायचं. आणि एका दमात नाही, पाच-दहा मिनिटं घोट घोट. चव खारट-कडवट असते, थंड पाण्यात थोडी कमी जाणवते.

आमच्याच वाड्यावरच्या एका काकींचं उदाहरण सांगते. हृदयाचा त्रास, पायांवर सूज, म्हणून लघवी वाढवणारी फ्युरोसेमाइडची गोळी चालू. या गोळीने पाण्याबरोबर पोटॅशियमही वाहून जातं, म्हणून डॉक्टरांनी सिरप दिलेलं, सकाळ-संध्याकाळ. काकी पहाटे उठून कपभर औषध तसंच घ्यायच्या आणि वर चहाचा एक घोट. काही दिवसांनी दुकानात आल्या आणि बाटली माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "नको गो बाय हे औषध. इथे नुसती आग पडते." आणि बंदच केलेलं. मध्ये पिंढऱ्यांत गोळे यायला लागले होते, जिना चढताना पाय उचलेनात. त्यांना वाटलं वय झालं. रक्त तपासलं तर पोटॅशियम २.९. साडेतीन ते पाच असायला हवं. हृदय आधीच कमजोर असलेल्या माणसाच्या बाबतीत हा आकडा हसण्यावारी नेण्यासारखा नाही, ठोके बिघडू शकतात.

डॉक्टरांनी डोस तोच ठेवला, बदलली फक्त पद्धत. काकी साडेदहाला उकड्या तांदळाची पेज घेतात, खाराच्या आंब्याबरोबर. पहिला डोस त्या पेजेला जोडला. अर्धी पेज पोटात गेली की ग्लासातलं औषध घोट घोट, मग उरलेली पेज. दुसरा रात्रीच्या जेवणात, तसाच. अन्न मध्ये असलं की क्षार एका जागी साचत नाही, हळूहळू पुढे सरकतो. आग थांबली. अडचण एकच निघाली, त्यांना दिवसाला दीड लिटरच पाण्याची मुभा. 'भरपूर पाणी' म्हटलं की सूजवाल्या रुग्णाच्या घरचे घाबरतात, आणि बरोबरच आहे. म्हणून ग्लास १५० मिलीचा धरला, दोन वेळचे मिळून ३०० मिली, आणि ते दीड लिटरमधूनच वजा केले. दुपारचा एक जास्तीचा चहा गेला, एवढंच. त्यावरून माझ्याशी दोन दिवस रुसल्या होत्या.

श्रावणी सोमवारी काय करायचं, हा त्यांचा पुढचा प्रश्न. कडकडीत उपास असेल तर डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. फराळ चालत असेल तर साबुदाण्याची खिचडीही अन्नच आहे, तिच्याबरोबर घ्या. नुसत्या शहाळ्याच्या पाण्यात औषध मिसळायची युक्ती मात्र नको. शहाळ्यात स्वतःचंच बरंच पोटॅशियम असतं, ग्लासभर पाण्यात अर्ध्या डोसाएवढं किंवा त्याहून जास्तच. डॉक्टरांनी मोजून दिलेला हिशेब तिथे चुकतो.

गोळ्यांची गोष्ट थोडी वेगळी. पोटॅशियमची गोळी सावकाश विरघळेल अशी केलेली असते, म्हणून ती चावायची, कुटायची, चघळायची नाही. कुटलीत तर सगळा क्षार एकदम सुटतो. आणि सुकीच गिळून लगेच आडवे झालात तर ती अन्ननलिकेत अडकून राहू शकते आणि जिथे अडकते तिथेच जखम करू शकते. १९६० च्या दशकात आतड्यात जाऊन विरघळणाऱ्या पोटॅशियमच्या गोळ्या निघाल्या होत्या. त्यांनी लहान आतड्यात व्रण पडून आतडी आकसल्याच्या घटना घडल्या, आणि मग सावकाश सुटणाऱ्या गोळ्या आल्या. म्हणून जेवणाच्या मध्ये किंवा लगेच नंतर, बसून, पूर्ण ग्लास पाण्याबरोबर, आणि नंतर निदान अर्धा तास पलंगाकडे फिरकायचं नाही. काही गोळ्यांचा रिकामा सांगाडा शौचात दिसतो. त्याला घाबरू नका, आतलं औषध उतरलेलं असतं. ज्यांना गिळायला त्रास होतो, किंवा जुन्या मधुमेहामुळे ज्यांचं पोट उशिरा रिकामं होतं, त्यांनी डॉक्टरांना सांगून सिरपच मागावं.

एवढं सगळं करूनही गिळताना दुखत असेल, पोटात जोराची कळ येत असेल, उलटीत रक्त किंवा डांबरासारखं काळं शौच दिसलं, तर पुढचा डोस न घेता थेट दवाखाना गाठा. तिथे पेजही कामाची नाही आणि मीही नाही.

आणि एक राहिलं. पोट शांत आहे म्हणून बाटल्यांवर बाटल्या रिचवायच्या नाहीत. मूत्रपिंड कमजोर असेल, किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पिरोनोलॅक्टोन यांपैकी काही चालू असेल तर पोटॅशियम अंगात साचू शकतं, आणि जास्त झालेलं कमी असण्याइतकंच हृदयाला घातक. 'कमी सोडियमचं' म्हणून मिळणाऱ्या मिठातही हेच पोटॅशियम क्लोराइड असतं, तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. जुनी चिठ्ठी घेऊन कुणी पुढची बाटली मागायला आलं की मी आधी रक्ताचा शेवटचा रिपोर्ट कधीचा ते विचारते. काही जण चिडतात. चिडू देत.