शेतातली माती म्हणजे स्ट्रेप्टोमायसिनचे मलम नव्हे

“स्ट्रेप्टोमायसिन मातीतूनच काढतात. म्हणून जखमेवर शेतातली ओली माती बांधा आणि पहिल्या पावसाचा मृद्गंध छातीभर ओढून घ्या, तो वास म्हणजेच अँटिबायोटिक. नैसर्गिक असल्यामुळे रोगजंतूंना त्याची सवयही होत नाही.”

हा मजकूर माझ्या मामांपर्यंत पोहोचला. त्यांना मधुमेह आहे, तळपायात काटा मोडलेला आहे आणि “माती बांधून पाहू का?” असे त्यांनी फोनवर विचारले. एरवी मी याकडे दुर्लक्षच केले असते.

पहिले वाक्य खरे आहे, हे नाइलाजाने का होईना मान्य करतो. 1943 साली अमेरिकेतील रटगर्स येथे सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांनी स्ट्रेप्टोमायसीस ग्रिसियस या तंतुमय जिवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचे अँटिबायोटिक मिळवले. त्याचा एक वाण भरपूर शेणखत घातलेल्या मातीतला होता. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने शोधलेले हॅमायसिन हे बुरशीनाशकही याच कुळातल्या जिवाणूचे, आणि त्या जिवाणूला पिंपरीचेच नाव दिलेले आहे. मात्र औषध बनवणारा जीव मातीत राहतो, म्हणजे मातीत औषध साठलेले असते असे नाही.

हा जीव औषध कधी बनवतो ते पाहावे. ओलावा आणि अन्न मिळाले की त्याचा बीजाणू रुजतो, तंतूंचे जाळे पसरते आणि तो खाण्यात व वाढण्यात गुंततो. त्या काळात अँटिबायोटिक जवळपास तयारच होत नाही. अन्न संपत आले की तो हवेत उभे तंतू काढतो आणि त्यांचे तुकडे पडून बीजाणूंच्या माळा बनतात. प्रयोगशाळेतल्या बशीत त्या वेळी चामड्यासारख्या चिवट वसाहतीवर टाल्कम पावडर भुरभुरल्यासारखा थर दिसतो. हे नवे तंतू पोसण्यासाठी जुने तंतू विरघळतात आणि ते आयते अन्न शेजारच्या जिवाणूंनी लुटू नये म्हणून याच सुमारास रसायने सोडली जातात, असे मानले जाते. ग्रिसियसमध्ये तर ए-फॅक्टर नावाचा एकच रेणू बीजाणू आणि स्ट्रेप्टोमायसिन या दोन्हींची कळ दाबतो. म्हणजे पावसाने नुकत्याच भिजलेल्या, बीजाणू रुजू लागलेल्या मातीत औषध शोधणे हे मुळात चुकीच्या वेळी शोधणे आहे. त्यातून जे थोडेफार बनते, तेही मोकळे राहत नाही. स्ट्रेप्टोमायसिनवर धन विद्युतभार असतो आणि आपल्या काळ्या मातीतल्या चिकणमातीच्या पापुद्र्यांवर ऋण. त्यामुळे औषध तिथेच चिकटून निकामी होते.

त्याच मातीत धनुर्वाताच्या जिवाणूचेही बीजाणू असतात आणि ते याहून कितीतरी चिवट, उकळत्या पाण्यातही तग धरणारे असतात. स्ट्रेप्टोमायसीसला वाढायला हवा लागते, धनुर्वाताच्या जिवाणूला हवा नको असते. आणि खोल काट्याच्या जखमेवर चिखल थापून वर फडके बांधणे म्हणजे हवा बंद करणे. एवढ्यावरही ज्यांना या तंतुमय जिवाणूंचे प्रेम वाटते, त्यांनी मदुरा फूट हा रोग माहीत करून घ्यावा: याच गटातील ॲक्टिनोमॅड्युरासारखे जिवाणू अनवाणी पायात काट्यावाटे मातीबरोबर शिरतात, पाय सुजतो, छिद्रांतून कणीदार पू वाहतो आणि दुर्लक्ष झाल्यास रोग हाडापर्यंत जातो. मामांना मी एवढेच सांगितले की जखम साबणपाण्याने धुवा, आजच डॉक्टरांना दाखवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारा.

वासाचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. मृद्गंधातला मुख्य रेणू जिओस्मिन. तो अँटिबायोटिक नाही. 2020 साली नेचर मायक्रोबायोलॉजीत आलेल्या संशोधनानुसार हा वास स्प्रिंगटेल नावाच्या मातीतल्या सूक्ष्म प्राण्यांना बोलावतो. ते स्ट्रेप्टोमायसीस खातात आणि बीजाणू अंगाला चिकटवून व विष्ठेतून दूरवर नेतात. जिओस्मिनची जनुके बीजाणू बनवण्याच्या यंत्रणेच्याच ताब्यात असतात, म्हणजे बीजाणू तयार होताना वाहकाला आमंत्रणही जाते. आपल्या फुप्फुसांशी त्याचा काही संबंध नाही.

राहिली सवयीची गोष्ट. स्ट्रेप्टोमायसिन बनवणाऱ्या ग्रिसियसलाच ते घातक ठरू शकते, म्हणून तो पेशीच्या आत त्याला फॉस्फेट जोडून निष्क्रिय ठेवतो. म्हणजे औषधाला दाद न देण्याची, प्रतिरोधाची युक्ती औषधाच्या जन्मदात्याकडेच आहे. क्षयाच्या जंतूने वेगळी वाट धरली, स्वतःच्या जनुकांत बदल केले. 1948 साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, स्ट्रेप्टोमायसिन मिळालेल्या ज्या 41 रुग्णांचे जंतू तपासले गेले, त्यांपैकी 35 जणांत ते प्रतिरोधक निघाले. पुढच्या चाचण्यांत स्ट्रेप्टोमायसिनच्या जोडीला पॅस हे दुसरे औषध दिले गेले, तेव्हा कुठे हे प्रमाण खाली आले.