खरा मेल असा पाठवायचा आणि वर ग्राहकालाच झापायचं?

नानांचं खातं बँकेने गोठवलं. पेन्शन जमा होतेय, पण पैसे बाहेर जात नाहीत. औषधवाल्याकडे यूपीआय केलं तर नकार आला, तेव्हा कळलं. शाखेत गेलो तर काउंटरवरचे साहेब मान वर न करता म्हणाले, "काका, केवायसीचा मेल पाठवला होता. तुम्ही लोक मेल वाचत नाही आणि मग इथे येऊन भांडता."

नानांनी वाचला होता. नीट वाचला, मला फोन करून वाचून दाखवला आणि मग डिलीट केला. बरोबर केलं. पाठवणाऱ्याचा पत्ता बघा, लिंक कुठे जाते ते बघा, घाई करणाऱ्याला भुलू नका, हे बँक स्वतःच एटीएमच्या भिंतीवर चिकटवते आणि दर महिन्याला एसएमएस करून सांगते. नानांनी अगदी तेच केलं. त्या तीन कसोट्यांवर बँकेचा खरा मेल नापास झाला, हा नानांचा गुन्हा?

डिलीट केलेला मेल ट्रॅशमधून काढला आणि साहेबांसमोर धरला. त्याच आठवड्यात एक चोराचा मेलही आला होता, तोही शेजारी उघडला. नावं बदलून लिहिते, बाकी जसंच्या तसं. बँकेचा खरा मेल आला होता या पत्त्यावरून:

```
kyc-update@tumchibank-mailer.example
```

आणि चोराचा या पत्त्यावरून:

```
support@tumchibank.bank.in.kyc-seva.example
```

सांगा, रोजच्या धावपळीत कुठला खरा वाटेल? दुसऱ्यात बँकेचं नाव आहे, `bank.in` आहे. पहिल्यात "मेलर" म्हणे! बँकेच्या वेबसाइटचा पत्ता एक आणि मेल भलत्याच डोमेनवरून, कारण मेल पाठवायचं काम बाहेरच्या कंपनीला दिलंय. ते द्या हो, पण त्या कंपनीला तुमच्या स्वतःच्या डोमेनवरून मेल पाठवायची परवानगी देता येते. डोमेनच्या नोंदींत चार ओळी घालायच्या असतात. तेवढंही करायचं नाही.

आणि हे सगळं फोनवर तर दिसतही नाही. जीमेलच्या अ‍ॅपमध्ये वर फक्त नाव दिसतं, ते नाव कोणीही काहीही ठेवू शकतो. नावाखालचा छोटा बाण दाबला की खरा पत्ता दिसतो. तो पत्ता उजवीकडून डावीकडे वाचायचा. शेवटचे दोन, कधी तीन तुकडे म्हणजे मालक, त्याच्या डावीकडचं सगळं मालकाने मनाला येईल ते लिहिलेलं. चोराच्या पत्त्यात मालक `kyc-seva.example` आहे. त्याच्या अलीकडचं `tumchibank.bank.in` हे नुसतं तोरण. नानांना हे कळतं. नाना चाळीस वर्षं टपालखात्यात होते, पत्ता वाचायला त्यांना कोणी शिकवायला नको.

पण खऱ्या मेलचं काय करायचं? `tumchibank-mailer.example` उजवीकडून वाचलं तरी मालक बँक आहे असं कुठे दिसतं? बँकेच्या नावाला एक आडवी रेघ आणि एक शब्द जोडलेलं डोमेन कोणालाही काही शे रुपयांत विकत मिळतं. चोरही अगदी अशीच डोमेनं घेतात.

मग शेजारच्या खुर्चीवरचा एक तरुण कर्मचारी मधे पडला. म्हणे, मॅडम, कॉम्प्युटरवर मेल उघडून तीन टिंबं दाबा, "Show original" मध्ये जा, तिथे एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क सगळीकडे PASS आहे, म्हणजे खरा आहे. मी त्याला तिथल्या तिथे चोराचा मेल तसाच उघडून दाखवला. तिथेही तिन्ही PASS! असणारच. या तपासण्या एवढंच सांगतात की मेल त्यात लिहिलेल्या डोमेनवरूनच निघालाय. ते डोमेन चोराने स्वतः विकत घेतलं असेल तर चोरही पास. FAIL दिसलं तर मेल फेकून द्यायला हरकत नाही, पण PASS म्हणजे बँकेचा शिक्का नव्हे. बँकेत काम करणाऱ्या माणसाला हे माहीत नाही, आणि आम्ही वाचत नाही म्हणे.

आता लिंक. खऱ्या मेलमध्ये मोठं केशरी बटण, "आत्ता अपडेट करा". फोनवर बटण दाबून धरलं की पत्ता दिसतो. तो असा:

```
https://click.patra-seva.example/t/9fK2xQ
```

बँकेचं नाव औषधालासुद्धा नाही. का? तर कोणी किती वाजता बटण दाबलं याची मोजणी मार्केटिंगवाल्यांना हवी असते, म्हणून लिंक आधी त्या कंपनीकडे जाते आणि तिथून बँकेकडे वळते. वळून शेवटी कुठे पोचते ते दाबल्याशिवाय कळत नाही, आणि दाबू नका असं तर तुम्हीच सांगता! केवायसीच्या मेलमध्ये कसली मोजणी करता? आधार आणि पॅन मागायचं आणि लिंक तिऱ्हाइताची द्यायची. चोराच्या मेलमधली लिंक निदान सरळ त्याच्याच साइटवर जात होती. तिथे कुलपाचं चिन्हही होतं, कारण ते प्रमाणपत्र फुकट मिळतं. कुलूप म्हणजे वाटेत कोणी ऐकत नाही एवढंच, पलीकडे कोण बसलंय ते कुलूप सांगत नाही.

आणि घाई. खऱ्या मेलचा विषय होता: "तातडीचे! आपले खाते 48 तासांत बंद होऊ शकते." चोराने 24 तास दिले होते. एवढाच काय तो फरक.

इथे माझं डोकं खरं फिरलं, कारण केवायसीला घाई असूच शकत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत ठरलेलंय: कमी जोखमीच्या ग्राहकाची केवायसी दर 10 वर्षांनी, मध्यम जोखमीची 8 वर्षांनी, जास्त जोखमीची 2 वर्षांनी. म्हणजे नानांची तारीख बँकेला कित्येक वर्षं आधी माहीत होती. जून 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने आणखी स्पष्ट केलं, की मुदतीच्या आधी किमान तीन वेळा कळवायचं आणि त्यातलं किमान एक पत्राने, कागदावर. मुदत उलटल्यावरही तितक्याच आठवणी, त्यातही एक पत्र. पत्र आलं नाही. टपालखात्यातल्या माणसाच्या घरी पत्र आलं असतं आणि त्याला कळलं नसतं, हे कोणी मला सांगू नये. साहेबांना विचारलं, पत्र पाठवल्याची नोंद दाखवा. साहेबांना चहाची आठवण झाली.

शिवाय माहितीत काहीच बदल नसेल तर नुसतं तसं स्वतः लिहून दिलं की काम होतं. नानांचा पत्ता तोच, नाव तेच. एका ओळीच्या कामासाठी 48 तासांची धमकी!

ही घाईची सवय बँकांना लागली कुठून ते माहितेय मला. "तुमच्यासाठी मंजूर कर्ज, आज रात्री 12 पर्यंतच!" तेच कर्ज पुढच्या आठवड्यात पुन्हा आज रात्री 12 पर्यंतच. कार्डाचे पॉइंट संपतायत, लगेच दाबा. सोमवार ते रविवार माणसाला दचकून बटण दाबायची सवय तुम्ही लावायची, आणि एक दिवस त्याने चोराचं बटण दाबलं की म्हणायचं, जागरूक राहायला नको का!

आणि ते स्टेटमेंट! मेलला जोडलेली पीडीएफ, आणि त्याच मेलमध्ये लिहिलेलं की पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मतारीख. अनोळखी जोडपत्र उघडू नका, असं त्याच मेलच्या तळाशी बारीक अक्षरांत. बँकेतून फोन येतो, "पडताळणीसाठी जन्मतारीख सांगा". अरे, फोन तू केलास, पडताळणी तू दे! वहिनीने एकदा सांगायला नकार दिला तर पलीकडची मुलगी चिडून म्हणाली, "मग तुमचंच काम अडेल." चोरही हेच वाक्य म्हणतात.

याची किंमत कोण मोजतं ते बघा. 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने जबाबदारी वाटून दिली. ग्राहकाने निष्काळजीपणाने पासवर्ड वगैरे कुणाला दिला, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून फसलात तर आधी बँकेला कळवा आणि सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन लावा, रडायला नंतर वेळ आहे. पण निष्काळजीपणा नक्की कोणाचा? ज्या मेलमध्ये खरं-खोटं ओळखायची एकही खूण बँकेने ठेवली नाही, त्यावर भुललेला माणूस निष्काळजी, आणि तो पाठवणारी बँक काळजीवाहू?

उपाय नाहीत असंही नाही. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत `.bank.in` वर यायला सांगितलं. हे डोमेन कोणालाही मिळत नाही, फक्त बँकांना, तेही आयडीआरबीटी या रिझर्व्ह बँकेच्याच संस्थेकडून. किती सोपी खूण आहे! पत्त्याच्या अगदी शेवटी `.bank.in`, लिंकमध्ये `https://` नंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी `.bank.in`, तर बँक. मधेच कुठे दिसलं तर चोर. शाळकरी पोरालाही सांगता येईल. आमच्या बँकेची वेबसाइट तिथे गेली, मेल मात्र अजून जुन्या "मेलर" वरूनच.

तोपर्यंत आमच्या घरचा नियम ठरलाय आणि तो खऱ्या मेललाही लागू आहे. मेलमधलं बटण दाबायचंच नाही, मेल कितीही खरा असो. अ‍ॅप स्वतः उघडायचं, आत केवायसीची स्थिती बघायची. तिथे काही मागितलेलं नसेल तर मेल गेला खड्ड्यात. शंका असेल तर कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन, मेलमधल्या नंबरवर नाही. शेजारच्या काकूंना, नानांच्या कट्ट्यावरच्या सगळ्यांना हेच सांगितलंय.

खातं त्या दिवशी संध्याकाळी सुरू झालं, पण मी लेखी तक्रार दिलीय आणि पोच घेतलीय. तीन मागण्या आहेत: मेल `.bank.in` वरूनच पाठवा, केवायसीच्या मेलमध्ये बटण नको, फक्त "अ‍ॅप उघडा" एवढं लिहा, आणि नानांना पत्र पाठवल्याचा पुरावा द्या. 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा गुळमुळीत आलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर तक्रार टाकणार. दोन्ही मेलचे स्क्रीनशॉट शेजारी शेजारी जोडून ठेवलेत.